प्रयोगशाळेचा प्रस्ताव : यादीआधीचा हिशेब

शाळेत विज्ञान प्रयोगशाळा व्हावी म्हणून संस्थेकडे जाणारा प्रस्ताव बहुतेक ठिकाणी दोन पानांचा असतो. पहिल्या पानावर विज्ञानयुगाचे वर्णन आणि विद्यार्थ्यांच्या सर्वांगीण विकासाचा उल्लेख असतो, आणि दुसऱ्या पानावर एखाद्या पुरवठादाराकडून आलेली छापील यादी जोडलेली असते. त्या यादीत बीकर, परीक्षानळ्या, अॅसिडच्या बाटल्या, मानवी सांगाडा आणि सूक्ष्मदर्शक असे सगळे असते आणि शेवटी एक मोठी एकूण रक्कम असते. कार्यकारी मंडळाची सभा त्या रकमेकडे पाहते, निधी नाही असे म्हणते किंवा निम्मी रक्कम मंजूर करते. मग यादीतल्या कोणत्या निम्म्या वस्तू घ्यायच्या, हे कोणालाच ठरवता येत नाही, कारण कोणती वस्तू कशासाठी आहे हे प्रस्तावात कुठेच लिहिलेले नसते.

नाशिकच्या पंचवटीतल्या आमच्या अनुदानित माध्यमिक शाळेत मी नववी-दहावीला विज्ञान शिकवते. आमच्याकडे प्रयोगशाळा म्हणून एक कपाट होते, आणि प्रात्यक्षिके वर्गातल्या टेबलावर मी करून दाखवत असे. तळमजल्यावरची वीस फूट बाय तीस फुटांची एक खोली रिकामी झाली, तेव्हा मुख्याध्यापक सरांनी मला प्रस्तावाचा मसुदा करायला सांगितले. तो मसुदा करताना जे ठरवावे लागले ते इथे सविस्तर लिहीत आहे, कारण अशा मसुद्याचा नमुना शोधला तर अर्जाचा मायना मिळतो, पण त्यातला हिशेब मिळत नाही.

माझे ठाम मत असे आहे की प्रस्तावाचे पहिले पान वस्तूंचे नसावे, प्रयोगांचे असावे. राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञानात भाग एक आणि भाग दोन यांना लेखी परीक्षेचे प्रत्येकी ४० गुण आहेत आणि उरलेले २० गुण प्रात्यक्षिक व अंतर्गत मूल्यमापनाचे आहेत. म्हणजे संस्थेपुढे मांडायची पहिली गोष्ट तयारच आहे : हे २० गुण देताना विद्यार्थ्याने स्वतः काय केलेले असले पाहिजे? मी नववी आणि दहावीची पाठ्यपुस्तके समोर ठेवून विद्यार्थ्याने हाताने करायच्या प्रयोगांची एक सारणी केली. ओहमचा नियम, आम्ल-आम्लारींची दर्शकाने परीक्षा, ध्वनीचे परावर्तन, काचेच्या चिपेतून प्रकाशाचे अपवर्तन, बहिर्गोल भिंगाचे नाभीय अंतर, मोरचुदाच्या द्रावणात लोखंडी खिळा ठेवून विस्थापन, सिल्व्हर नायट्रेट आणि मिठाच्या द्रावणाचा पांढरा अवक्षेप, पानाच्या सालीचे सूक्ष्मदर्शकाखाली निरीक्षण, आणि असेच इतर काही प्रयोग त्यात आले. प्रत्येक प्रयोगापुढे इयत्ता, लागणाऱ्या वस्तू आणि त्या प्रयोगाला पाणी, वीज, ज्योत किंवा अंधार यांपैकी काय लागते, असे रकाने ठेवले. हा शेवटचा रकाना पुढे खोलीची सगळी मांडणी ठरवून गेला, म्हणून तो वगळू नये असे मी आग्रहाने सांगेन.

यानंतर प्रश्न येतो तो संचांचा. आमच्याकडे नववीच्या दोन आणि दहावीच्या दोन तुकड्या आहेत आणि प्रत्येक तुकडीत साधारण ५६ मुले-मुली आहेत. ५६ मुलांना एका खोलीत एकाच वेळी ज्योतीजवळ उभे करता येत नाही. तुकडीचे दोन भाग केले तर २८ मुले होतात, आणि चार-चार जणांचे सात गट पडतात. चारांपेक्षा मोठा गट झाला की दोन जण प्रयोग करतात आणि बाकीचे वहीत उतरवून घेतात, हे कोणत्याही विज्ञान शिक्षकाने पाहिलेले आहे. म्हणून टिकाऊ वस्तूंचे सात संच आणि एक राखीव, असे आठ संच मागायचे ठरले. पुरवठादाराच्या यादीत भिंगे दोन डझन होती आणि अॅमीटर चार होते. दोन डझनांतली सोळा भिंगे कपाटात राहिली असती आणि चार अॅमीटरवर सात गट चालले नसते.

खोली सहाशे चौरस फुटांची आहे. सीबीएसईच्या निकषांत प्रयोगशाळेसाठी किमान सहाशे चौरस फूट सांगितलेले आहेत. आमची शाळा राज्य मंडळाची असल्याने तो नियम आम्हाला लागू नाही, पण २८ मुलांसाठी माणशी एकवीस चौरस फूट पडतात आणि दोन टेबलांमध्ये चार फुटांची वाट सोडता येते, हे दाखवायला तो आकडा उपयोगी पडला. संस्थेच्या सदस्यांना "खोली पुरेशी आहे" एवढे वाक्य पटत नाही, पण आलेखकागदावर काढलेला साधा आराखडा लगेच पटतो.

प्रस्तावात सहसा नसणारी आणि नेमकी त्यामुळेच प्रयोगशाळा बंद पाडणारी बाब म्हणजे वेळापत्रक. निम्मी तुकडी प्रयोगशाळेत असेल तेव्हा उरलेली निम्मी कोठे असेल? याचे उत्तर लिहिलेले नसेल तर जून महिन्यात उत्साहाने सुरू झालेली प्रात्यक्षिके ऑगस्टपर्यंत पुन्हा वर्गातल्या टेबलावर येतात, कारण उरलेल्या २८ मुलांना सांभाळायला शिक्षक नसतो. मी गणिताच्या शिक्षकांशी बोलून असे ठरवले की प्रत्येक तुकडीला आठवड्यातून एक जोडतास मिळावा. त्या जोडतासाला पहिला भाग प्रयोगशाळेत आणि दुसरा भाग गणिताच्या सरावाला, आणि पुढच्या आठवड्यात उलट. म्हणजे प्रत्येक मुलाला पंधरवड्यातून एक प्रात्यक्षिक मिळते. परीक्षा आणि सुट्ट्या वगळून वर्षात चौदा-पंधरा प्रात्यक्षिके होतात, आणि आमच्या सारणीतले प्रयोग तेवढ्यात बसतात. खोली आठवड्यात चारच जोडतास गुंतते, त्यामुळे उरलेल्या वेळात पाचवी ते आठवीच्या वर्गांना प्रयोग दाखवण्यासाठी ती मोकळी राहते. गणिताच्या शिक्षकांची लेखी संमती मी परिशिष्टात जोडली. सभेत कोणी तरी हा प्रश्न विचारतेच, आणि तेव्हा उत्तर तोंडी असण्यापेक्षा कागदावर असलेले बरे.

आता रसायनांकडे येते, कारण यादी आणि गरज यांतले अंतर सर्वांत जास्त इथेच असते. आमच्याकडे आलेल्या यादीत संहत हायड्रोक्लोरिक आम्लाच्या अडीच लिटरच्या दोन बाटल्या होत्या. मी उलट बाजूने हिशेब केला. एका इयत्तेतल्या दोन तुकड्यांचे चार भाग होतात आणि प्रत्येक भागात सात गट, म्हणजे एक प्रयोग वर्षात अठ्ठावीस वेळा मांडला जातो. विरल आम्ल दर वेळी दहा मिलिलिटर लागते असे धरले तर एका प्रयोगाला २८० मिलिलिटर होते. असे आम्लाचे पाच प्रयोग धरले तर चौदाशे मिलिलिटर, आणि सांडलवंड व चाचणीसाठी वाढवून दोन लिटर विरल आम्ल वर्षाला पुरते. शाळेसाठी एक मोलर तीव्रता भरपूर झाली. बाजारात मिळणारे संहत आम्ल साधारण बारा मोलर असते, म्हणून दोन लिटर विरल आम्ल करायला संहत आम्ल जेमतेम १७० मिलिलिटर लागते. याचा अर्थ अर्ध्या लिटरची एक बाटली जवळपास तीन वर्षे पुरते. पाच लिटर संहत आम्ल शाळेत ठेवणे हा खर्चाचा प्रश्न तर आहेच, पण त्याहून अधिक तो धोक्याचा प्रश्न आहे, कारण जे लागत नाही ते वर्षानुवर्षे कपाटात राहते, झाकण सैल होते आणि त्याच्या वाफेने कपाटाचे बिजागर गंजतात.

सिल्व्हर नायट्रेट महाग असते आणि यादीतला त्याचा भाव पाहून सभासद दचकतात. त्याचा हिशेबही असाच लिहावा. एका गटाला ०.१ मोलर द्रावणाचे दोन मिलिलिटर पुरतात, अठ्ठावीस गटांना ५६ मिलिलिटर, आणि शंभर मिलिलिटर द्रावण करायला १.७ ग्रॅम पदार्थ लागतो. पंचवीस ग्रॅमची गडद रंगाची एक बाटली कित्येक वर्षांची सोय करते. मात्र त्याच्यासोबत ऊर्ध्वपातित पाण्याची मागणी केलीच पाहिजे. कोणत्याही नळाच्या पाण्यात थोडे क्लोराइड असतेच, त्यामुळे नळाच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेट विरघळवायला गेले की मीठ घालण्याआधीच द्रावण गढूळ होते आणि प्रयोगाला अर्थ उरत नाही. ऊर्ध्वपातित पाण्याची ओळ क्षुल्लक दिसते म्हणून कपात करताना ती पहिली उडते, आणि मग महागडे रसायन वाया जाते. म्हणून ही दोन्ही एकाच ओळीत, एकत्र लिहावीत.

मोरचुदाबाबत आमच्या शालेय समितीत एक चांगली चर्चा झाली. समितीवरचे एक सदस्य दिंडोरी तालुक्यातले द्राक्ष बागायतदार आहेत. बोर्डो मिश्रणासाठी मोरचूद आणि चुना त्यांच्याकडे दर हंगामात असतो, आणि शाळेला हवे तेवढे मोरचूद आपण देऊ असे ते म्हणाले. खिळ्यावर तांबे बसलेले दाखवण्यापुरते ते चालते, हे मी मान्य केले. पण शेतीच्या मोरचुदाची शुद्धता पिशवीगणिक वेगळी असू शकते, आणि सगळ्या गटांचे निरीक्षण सारखे यावे यासाठी प्रयोगशाळेच्या दर्जाची एक अर्धा किलोची बाटली घ्यावी, असे लिहिले. सहाशे मिलिलिटर द्रावणाला तीसएक ग्रॅम लागते, तेव्हा ही बाटलीही दीर्घकाळ चालेल. दर्जाचा उल्लेख मात्र प्रत्येक रसायनापुढे हवा. शाळेच्या प्रयोगांना एलआर, म्हणजे साधा प्रयोगशाळेचा दर्जा पुरतो. यादीत त्याच रसायनापुढे एआर लिहिले असेल तर विश्लेषणाच्या कामाच्या शुद्धतेचे पैसे शाळा भरते आणि त्याचा उपयोग तिला नसतो.

उपकरणांतही नुसत्या नावाने भागत नाही. यादीत "अॅमीटर" एवढेच लिहिलेले होते. ओहमच्या नियमाच्या प्रयोगात दोन कोरडे घट, म्हणजे तीन व्होल्ट, आणि दहा ओहमचा रोध जोडला तर विद्युतधारा जास्तीत जास्त ०.३ अँपिअर होते. शून्य ते तीन अँपिअरचा, ०.१ अँपिअर लघुतम मापाचा अॅमीटर आला तर काटा तीन घरे सरकतो, आणि मुलांनी काढलेल्या आलेखात सरळ रेषा येण्याऐवजी तीन पायऱ्या येतात. शून्य ते पाचशे मिलिअँपिअरचा, दहा मिलिअँपिअर लघुतम मापाचा अॅमीटर घेतला तर त्याच प्रयोगात तीस घरे मिळतात. दोन्हींना व्यवहारात अॅमीटरच म्हणतात, म्हणून पल्ला आणि लघुतम माप लिहिल्याशिवाय दरपत्रक मागवू नये. सर्वांत कमी दराच्या दरपत्रकात नेमका नको तो पल्ला असण्याची शक्यता मोठी असते.

खोलीच्या कामाविषयी मी सर्वांत जास्त लिहिले, आणि त्यातही ओट्याच्या दगडाविषयी. कंत्राटदाराच्या अंदाजपत्रकात "काळा दगड, पॉलिश केलेला" असे होते. आमच्या भागात काळा दगड म्हटले की बहुतेकांच्या मनात स्वयंपाकघरातला कडप्प्याचा ओटा येतो. दर कमी, रंग काळा, सवयीचा, म्हणून समितीलाही तोच योग्य वाटत होता. पण कडप्पा हा चुनखडीचा दगड आहे. त्यावर आम्लाचा थेंब पडला की बुडबुडे येतात, चकाकी जाते आणि तिथे खरबरीत पांढुरका डाग राहतो. घरच्या ओट्यावर लिंबाची फोड रात्रभर राहिली तर असाच डाग पडतो, हे समितीतल्या दोन-तीन जणांनी स्वतःहून सांगितले. जुन्या खोल्यांतली शहाबादी फरशीही चुनखडीचीच आहे. प्रयोगशाळेच्या ओट्यावर रोज आम्ल सांडणार, तेव्हा तिथे चुनखडीचा दगड बसवणे म्हणजे ओटाच एक अभिक्रियाकारक म्हणून बसवणे आहे. काळा ग्रॅनाइट हा अग्निजन्य दगड असून शाळेत लागणाऱ्या विरल आम्लांना दाद देत नाही.

पॉलिश केलेल्या दोन काळ्या तुकड्यांत नजरेने फरक करणे सोपे नसते. म्हणून प्रस्तावात मी वस्तूच्या नावासोबत तिची परीक्षाही लिहिली : "ओट्याच्या दगडाचा नमुना तुकडा काम सुरू होण्यापूर्वी शाळेत द्यावा. तुकड्याच्या तुटलेल्या बाजूवर विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकल्यावर बुडबुडे आल्यास तो दगड स्वीकारला जाणार नाही." या दोन वाक्यांमुळे दरपत्रकांतला फरक स्पष्ट झाला, कारण ती अट वाचल्यावर एका दरपत्रकातला दर बदलून आला. तळमजल्यावरची शहाबादी फरशी मात्र बदलणे परवडणारे नव्हते. ती आहे तशीच ठेवून आम्लाच्या बाटल्या प्लास्टिकच्या खोल ट्रेमध्ये ठेवाव्यात आणि ओट्याजवळ खाण्याच्या सोड्याचा डबा ठेवावा, म्हणजे सांडलेल्या आम्लावर सोडा टाकून बुडबुडे थांबेपर्यंत थांबता येईल आणि मग पुसता येईल, असे लिहिले.

पाण्याची जागा ठरवताना सारणीतला पाणी, वीज, ज्योत किंवा अंधार यांचा शेवटचा रकाना कामाला आला. आमच्या सारणीतले प्रकाश आणि विजेचे प्रयोग कोरडे आहेत, त्यांना पाणी लागत नाही. मग खोलीच्या मध्यभागी प्रत्येक टेबलाला बेसिन देऊन फरशी फोडायची, जमिनीखालून नळ्या न्यायच्या आणि दर पावसाळ्यात त्या तुंबल्या की पुन्हा फरशी फोडायची, याची गरजच नव्हती. तीस फुटांच्या बाहेरच्या भिंतीला लागून एकच सलग ओटा, त्यात चार बेसिने, आणि मध्यभागी हलवता येणारी साधी टेबले, अशी मांडणी केली. सांडपाण्याच्या नळीला दर मीटरला दोन सेंटिमीटर उतार धरला तर नऊ मीटरच्या भिंतीत अठरा सेंटिमीटर उतार होतो, आणि तेवढी जागा ओट्याखाली सहज मिळते. नळी उघडी राहते, त्यामुळे तुंबली तर शाळेचा शिपाईही ती उघडू शकतो. बेसिने स्टीलची न घेता पॉलिप्रॉपिलीनची घ्यावीत असे लिहिले, कारण हायड्रोक्लोरिक आम्लातल्या क्लोराइडमुळे स्टेनलेस स्टीललाही बारीक खड्डे पडतात. लोखंडी सांडपाणी नळीबाबतही हाच आक्षेप आहे.

विजेची बटणे बेसिनाच्या समोरच्या भिंतीवर, प्रयोगशाळेला स्वतंत्र एमसीबी आणि विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी, चांगले अर्थिंग, वाफा बाहेर टाकणारा पंखा, अंधार करण्यासाठी जाड पडदे आणि बाहेर उघडणारी दोन दारे, एवढे एका परिच्छेदात लिहून झाले. ज्योतीसाठी गॅसची जोडणी मी मागितली नाही. सात गटांसाठी स्पिरिटचे दिवे पुरतात. पण स्पिरिटची ज्योत उजेडात नीट दिसत नाही, त्यामुळे पेटता दिवा विझला समजून कोणी त्यात स्पिरिट ओततो आणि भडका उडतो. दिवे फक्त शिक्षकाने, तास सुरू होण्याआधी, कपाटाजवळ भरावेत, हा नियम प्रस्तावातच लिहून त्याच्याखाली अग्निशामक आणि वाळूच्या बादल्यांची मागणी केली. नियम आणि वस्तू एकत्र वाचले की सुरक्षेच्या साहित्याला कात्री लागत नाही.

कपाटांबद्दल एकच गोष्ट सांगते. बाटल्या वर्णानुक्रमाने लावायची पद्धत शाळांत फार आहे, कारण त्या सापडायला सोप्या जातात. त्या क्रमाने अमोनियाच्या शेजारी किंवा जवळ आम्ले येतात, आणि काही महिन्यांत सगळ्या बाटल्यांवर पांढरी भुकटी बसते. ही भुकटी म्हणजे अमोनिया आणि हायड्रोक्लोरिक आम्ल यांच्या वाफांपासून झालेले अमोनियम क्लोराइड होय. ती दिसली की बाटल्यांची जागा चुकली आहे असे समजावे. नायट्रिक आम्ल स्पिरिटपासून आणि पोटॅशियम परमँगनेट ग्लिसरीनपासून दूरच्या कपाटात हवे. म्हणून एका मोठ्या कपाटाऐवजी मी तीन लहान, कुलूपबंद कपाटे मागितली : आम्लांसाठी खाली ट्रे असलेले एक, ज्वलनशील द्रवांसाठी एक आणि बाकी सगळ्यासाठी एक. एका मोठ्या कपाटाचा दर कमी येतो, हे खरे आहे. पण कपाटांची संख्या बचतीसाठी कमी करायची नाही, हे कारणासह लिहिले.

मसुदा घेऊन मी कोषाध्यक्षांकडे गेले. संस्थेत सगळे त्यांना नाना म्हणतात. त्यांनी शेवटून सुरुवात केली.

"मॅडम, एकदाचा खर्च संस्था करेल. पण दरवर्षी किती लागणार आणि हे सगळं सांभाळणार कोण, ते यात नाही."

"नाना, प्रयोगशाळा सहायकाचं पद आपल्याला मंजूर नाही."

"म्हणूनच विचारतो. पद येईल असं धरून काही लिहू नका. पद नसताना कसं चालेल ते लिहा."

ही सूचना अतिशय योग्य होती. मंजूर आकृतिबंधात नसलेल्या पदाच्या भरवशावर प्रयोगशाळा उभी राहिली तर काचसामान न धुता पडून राहते, आणि पुढच्या तासाला जुन्या द्रावणाचे अवशेष घेऊन प्रयोग होतात. मी त्यात असे घातले की प्रत्येक जोडतासाची शेवटची दहा मिनिटे गटाने स्वतःचे सामान धुऊन, पालथे घालून, मोजून परत देण्यासाठी असतील. विज्ञान शिक्षकाच्या वेळापत्रकात आठवड्यातून दोन तास द्रावणे करणे आणि नोंदी यांसाठी मोकळे ठेवावे लागतील, आणि ते ऑफ तास समजून शिक्षकाला दुसऱ्यांच्या बदली तासांवर पाठवले जाऊ नये. टिकाऊ वस्तूंची जडवस्तू नोंदवही, रसायने व काचसामान यांची उपभोग्य वस्तू नोंदवही आणि फुटतुटीची स्वतंत्र वही, अशा तीन वह्या असतील. वार्षिक खर्चात काचसामानाच्या किमतीच्या दहा टक्के फुटतूट, संपणारी रसायने, घट आणि अग्निशामकाचे पुनर्भरण एवढ्याच बाबी धरल्या. वेतनेतर अनुदानातून काय भागेल आणि संस्थेने काय द्यायचे, हे दोन वेगळ्या रकान्यांत दाखवले. अनुदान वेळेवर न आल्यास त्या वर्षी कोणते प्रयोग थांबतील, तेही लिहिले. हा रकाना वाचायला कठीण वाटतो, पण कपातीचा अर्थ त्यातूनच कळतो.

सातपूर आणि अंबड औद्योगिक वसाहतींत काम करणारे बरेच पालक आमच्या शाळेला आहेत. सामाजिक दायित्व निधीतून कारखाने मदत करतील, असे पालक सभेत सुचवले गेले. मी तो पर्याय प्रस्तावात ठेवला, पण टिकाऊ वस्तूंच्या खरेदीपुरताच. असा निधी एकदा मिळतो, पुढच्या वर्षी मिळेलच असे नाही, आणि दरवर्षीच्या रसायनांचा भार त्यावर टाकला तर दुसऱ्या वर्षी खोली असते, पण द्रावणे नसतात. याउलट रिटॉर्ट स्टँड, परीक्षानळ्यांचे स्टँड आणि टेबलांचे सांगाडे अंबडला एका पालकांच्या कार्यशाळेत करून मिळू शकतात, म्हणून त्या बाबींसाठी मापांसह रेखाचित्रे जोडली आणि त्यांचेही दरपत्रक इतरांप्रमाणेच मागवावे असे लिहिले. पालक असले तरी तीन दरपत्रकांचा नियम त्यांना लागू आहे, हे त्यांनीही मान्य केले.

टप्पे पाडताना मी रकमेप्रमाणे न पाडता प्रयोगांप्रमाणे पाडले. पहिल्या टप्प्यात ओटा, पाणी, वीज, सुरक्षा साहित्य आणि दहा प्रयोगांचे आठ-आठ संच. दुसऱ्या टप्प्यात उरलेले प्रयोग आणि सूक्ष्मदर्शक, कारण तोपर्यंत सध्याचे दोन सूक्ष्मदर्शक पाळीपाळीने वापरता येतात. निम्माच निधी मिळाला तर पहिला टप्पा पूर्ण होतो आणि दहा प्रयोग सगळ्या मुलांना मिळतात. प्रत्येक वस्तूचे निम्मे नग घेतले असते तर एकही प्रयोग सात गटांना पुरला नसता.

अखेरचा मायना औपचारिकच ठेवला. मा. अध्यक्ष व मा. सचिव यांना, मुख्याध्यापकांमार्फत, विषय एका ओळीत, संदर्भात शालेय समितीच्या सभेची तारीख. पहिल्या परिच्छेदात मागणी, कारणे नंतर. "इयत्ता नववी व दहावीच्या चार तुकड्यांतील विद्यार्थ्यांनी परिशिष्ट एकमधील प्रयोग गटाने स्वतः करावेत, यासाठी तळमजल्यावरील खोलीचे प्रयोगशाळेत रूपांतर करण्यास, पहिल्या टप्प्याच्या खर्चास आणि परिशिष्ट चारमधील वार्षिक तरतुदीस मंजुरी मिळावी, ही विनंती." मुख्य पत्र दीड पानाचे झाले आणि बाकी सगळे परिशिष्टांत गेले, कारण सभेत पत्र वाचून दाखवतात आणि परिशिष्टे शंका आली की उघडतात.

पत्रासोबत ठरावाचा मसुदाही दिला, म्हणजे मंजुरी तोंडी राहत नाही. त्यात खरेदी समितीची नावे भरण्यासाठी जागा सोडली, तीन दरपत्रकांचा तुलनात्मक तक्ता समितीपुढे आल्याशिवाय मागणीपत्र देऊ नये असे लिहिले, आणि बांधकामाच्या देयकातील दहा टक्के रक्कम चाचणी होईपर्यंत रोखून ठेवण्याची अट घातली. चाचणी म्हणजे चारही बेसिनांत एकाच वेळी पाणी सोडून ओट्याखालची प्रत्येक जोडणी कोरड्या फडक्याने पुसून पाहणे, आरसीसीबीचे चाचणी बटण दाबल्यावर पुरवठा बंद होतो का ते पाहणे, आणि बसवलेल्या ओट्यातून कापून उरलेल्या तुकड्यावर पुन्हा एकदा आम्लाचे थेंब टाकणे. नमुना एक दाखवायचा आणि दगड दुसरा बसवायचा, हे होऊ शकते, म्हणून ही शेवटची चाचणी मुख्याध्यापक आणि विज्ञान शिक्षक या दोघांच्या सहीने नोंदवावी, असे त्या ठरावाचे शेवटचे कलम आहे.